नव्या छोट्या खाणावळीची उद्घाटनाची कॅरोसेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं हॉटेल किंवा खाणावळ सुरू करणारे लोक इन्स्टाग्रामवरच्या पहिल्या पोस्टबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत, म्हणजे आकडे हवेत राहत नाहीत. समजा, पुण्यात कोथरूडला २४ खुर्च्यांची मालवणी खाणावळ बुधवारी, १२ नोव्हेंबरला सुरू होते आहे. कोंबडी-वडे ₹२८०, बांगडा थाळी ₹२६०, काळ्या वाटाण्याच्या उसळीची शाकाहारी थाळी ₹१९०, आणि सोलकढी वेगळी घेतली तर ₹४०. तुमचे भाव आणि पदार्थ वेगळे असतील, हिशोबाची पद्धत तीच राहील.

१. कॅरोसेल म्हणजे नक्की काय? एक छान पोस्टर करून टाकलं तर चालणार नाही का?

एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत बघायची अनेक चित्रं म्हणजे कॅरोसेल. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये २० चित्रं घेतं, पण तुम्हाला एवढी लागणार नाहीत.

पोस्टर एकच केलं की त्यात नाव, फोटो, सहा पदार्थ, भाव, वेळा, पत्ता, नंबर आणि सवलत असं सगळं कोंबावं लागतं. छापील हँडबिलावर ते खपतं, कारण कागद डोळ्यांजवळ धरता येतो. फोनवर तेच चित्र जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतं आणि वेळा वाचायला लोकांना चित्र मोठं करावं लागतं. ते कुणी करत नाही. कॅरोसेलमध्ये एका चित्रावर एकच गोष्ट राहते आणि ती मोठ्या अक्षरांत सांगता येते.

आणखी एक व्यावहारिक फायदा आहे. पहिल्या वेळी कुणी न सरकवता पुढे गेलं, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट नंतर कधी कधी दुसऱ्या चित्रापासून पुन्हा दाखवतं. म्हणून दुसरं चित्रही पहिल्याइतकंच स्वतंत्र समजलं पाहिजे. ‘पुढे बघा…’ एवढंच लिहिलेलं दुसरं चित्र म्हणजे वाया घालवलेली संधी.

२. किती स्लाइड ठेवाव्यात आणि कोणत्या क्रमाने?

छोट्या जागेला सात पुरतात. आमच्या उदाहरणात पहिल्यावर भरलेल्या थाळीचा फोटो, खाणावळीचं नाव आणि ‘मालवणी जेवण, कोथरूड. बुधवार १२ नोव्हेंबरपासून’ एवढीच ओळ. दुसऱ्यावर कोंबडी-वडे, तिसऱ्यावर बांगडा थाळी, चौथ्यावर शाकाहारी थाळी. पाचव्यावर पहिल्या आठवड्याची सवलत. सहाव्यावर वेळा आणि सुट्टी. सातव्यावर पत्ता, जवळची खूण, गाडी कुठे लावायची ते, आणि फोन नंबर.

सवलत पाचव्यावर का, पहिल्यावर का नाही, हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या चित्रावर ‘मोफत’ हा शब्द मोठा लिहिला की बघणाऱ्याच्या डोक्यात तुमची जागा ‘फुकट काहीतरी मिळणारी’ अशी बसते, आणि इथे मालवणी जेवण मिळतं हे मागे पडतं. आधी जेवण दिसू द्या. ज्याला जेवण आवडलं तो पाचव्या चित्रापर्यंत येतो, आणि तोच माणूस सवलत संपल्यावरही परत येणार असतो.

प्रत्येक स्लाइडच्या तळाशी खाणावळीचं नाव आणि ‘कोथरूड, पुणे’ बारीक अक्षरांत ठेवा. त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

३. चित्राचा आकार काय घ्यायचा? आमच्या कडेची अक्षरं प्रोफाइलवर कापली जातात.

१०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे ४:५ चं उभं चित्र घ्या. पहिल्या चित्राचं प्रमाण बाकी सगळ्यांना लागू होतं. पहिलं चौकोनी केलंत आणि पुढची उभी असली, तर पुढच्यांचं डोकं आणि पाय कापले जातात. सगळी चित्रं एकाच मापात बनवा.

अक्षरं कापली जाण्याचं कारण असं: प्रोफाइलच्या पानावरचे चौकोन २०२५ च्या सुरुवातीपासून ३:४ प्रमाणात, म्हणजे थोडे अधिक उभे दिसतात. तुमचं ४:५ चं चित्र तिथे दोन्ही बाजूंनी साधारण ३४-३४ पिक्सेल कापलं जातं. डावी-उजवीकडे ८० पिक्सेलची जागा मोकळी सोडलीत तर काहीच बिघडत नाही.

४. मेनूतले कोणते पदार्थ घ्यावेत? आमच्याकडे बत्तीस पदार्थ आहेत, सगळेच चांगले आहेत.

तीन घ्या. निवडताना चवीबरोबर आणखी तीन गोष्टी तपासा: तो पदार्थ पहिल्या आठवड्यात रोज, दोन्ही वेळा, खात्रीने देता येईल का, तुमचं स्वयंपाकघर तो गर्दीत किती वेगाने काढू शकतं, आणि तो बघून तुमची जागा कसली आहे हे कळतं का.

वेगाचा हिशोब कागदावर मांडाच. कोंबडी-वड्यांच्या एका ताटात पाच वडे जातात असं धरू. मध्यम कढईत एका वेळी चार वडे मावतात आणि एका घाण्याला साधारण दोन मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १२० वडे, म्हणजे २४ ताटं. तुमच्या खुर्च्याही २४ आहेत, त्यामुळे सगळ्यांनी वडेच मागवले तरी तासाभरात सगळ्यांची ताटं भरतात, पण वाढीव वड्यांना जागा उरत नाही. ‘अजून दोन वडे द्या’ असं दर टेबलावरून आलं की शेवटचं टेबल अडकतं. याचा अर्थ वडे कॅरोसेलमधून काढायचे असा नाही, ते तुमची ओळखच आहेत. अर्थ एवढाच की दुसरी कढई आधी आणा, किंवा तिसरा पदार्थ असा निवडा ज्याला तळण लागत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ इथे उपयोगी पडते. ती सकाळी तयार असते आणि पातेल्यातून थेट ताटात जाते.

शाकाहारी ताट तिनांत असायलाच हवं. चौघांच्या घरात एक जरी शाकाहारी असेल, तर ‘तिथे तुझ्यासाठी काय मिळेल?’ या प्रश्नावर बेत मोडतो. त्या स्लाइडवर ‘शाकाहारी’ हा शब्द स्पष्ट लिहा. नुसत्या हिरव्या ठिपक्यावर भागवू नका, छोट्या पडद्यावर तो सुटून जातो. शाकाहारासाठी भांडी वेगळी ठेवत असाल तर तेही लिहा, ठेवत नसाल तर त्याबद्दल काही सुचवू नका.

जून-जुलैमध्ये उघडत असाल तर मासे जपून निवडा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. ताजी सुरमई-पापलेट या काळात बेभरवशाची होते आणि भावही चढतात. तेव्हा पहिल्या तिनांत कोंबडी, उसळ आणि सुक्या बोंबलाची किंवा सुकटाची चटणी घेतली तर शब्द फिरवावा लागत नाही. बाकीचे पदार्थ बायोतल्या लिंकवर पूर्ण मेनूकार्डात ठेवा.

५. भाव लिहावेत का? मासळीचा दर तर रोज बदलतो.

ताटांचे भाव लिहा. भाव नसलेल्या पोस्टखाली पहिली कमेंट ‘किंमत?’ हीच येते. त्यातले निम्मे लोक उत्तराची वाट न बघता निघून जातात, कारण भाव लपवला म्हणजे महाग असणार असा समज होतो.

मासळीसाठी सोपा तोडगा असा की भाव फक्त अशा माशाचा लिहा जो तुम्ही आठवडाभर त्या दराने देऊ शकता. बांगडा त्यासाठी बरा. सुरमई, पापलेट, खेकडे यांच्यापुढे ‘त्या दिवशीच्या बाजारभावाने, मागवण्याआधी विचारा’ असं लिहा आणि जागेवर रोजचा भाव फळ्यावर मांडा. नुसतं ‘सीझनल’ लिहिलं तर बिल येईपर्यंत ग्राहकाला अंदाज येत नाही, आणि मग वाद होतो.

भावापुढे कराचा खुलासा एकदा करा. जीएसटी लावत असाल तर ‘कर वेगळा’ किंवा ‘करासह’ यांपैकी जे खरं असेल ते लिहा. साध्या रेस्टॉरंटला हा दर ५ टक्के आहे, म्हणजे ₹२८० च्या ताटावर ₹१४. कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल, तर ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, तेव्हा ‘कर वेगळा’ लिहूच नका.

६. फोटो फोनवर काढले तर चालतील का? आमचा रस्सा फोटोत काळा-तपकिरी दिसतो.

फोन पुरतो, उजेड कमी पडतो. पिवळ्या दिव्याखाली लाल रस्सा तपकिरी दिसतो आणि सोलकढीचा गुलाबी रंग मातकट होतो. दुकानातले सगळे दिवे बंद करा, टेबल खिडकीजवळ किंवा उघड्या शटरपाशी घ्या, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी. सकाळी दहा-अकराचा किंवा दुपारी चारचा उजेड चांगला. ताटाच्या ज्या बाजूला सावली पडते तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. एवढ्याने रश्श्यावरची तर्री चमकते आणि वाट्यांच्या आतला अंधार जातो.

मालवणी ताटात वेळेला फार महत्त्व आहे, कारण प्रत्येक पदार्थ वेगळ्या गतीने उतरतो. वडा कढईतून निघाल्यावर दोन-तीन मिनिटांत बसायला लागतो. रव्यात तळलेला बांगडा थोड्या वेळाने वाफेने मऊ पडतो. सोलकढी ठेवली की खाली पाणी आणि वर नारळाचं दूध असे दोन थर होतात. म्हणून आधी रिकामं ताट ठेवून जागा, कोन आणि उजेड पक्का करा. मग भात, सागोती, लोणचं, कांदा वाढा. सोलकढी ढवळून ओता, आणि वडे सगळ्यांत शेवटी, कढईतून थेट. पहिल्या मिनिटात दहा-पंधरा फोटो काढून घ्या.

पूर्ण थाळी वरून काढा, फुगलेले वडे बाजूने, साधारण ४५ अंशांतून. वरून वडा नुसता गोल चकतीसारखा दिसतो. फोन अगदी जवळ नेऊ नका, त्याने ताटाचा आकार वाकडा येतो. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. स्टीलच्या ताटात तुमचा शर्ट दिसतो, तेव्हा पांढरा किंवा करडा घाला.

फोटोतलं ताट आणि वाढलं जाणारं ताट एकच असू द्या. फोटोत सात वडे आणि टेबलावर पाच, हे लोक मोजतात, आणि दोन्हींचे फोटो शेजारी लावून तुमच्या पानाखाली टाकतात. इंटरनेटवरून उचललेला थाळीचा फोटो तर कधीच वापरू नका, दुसऱ्याची वाटीसुद्धा ओळखू येते.

७. डिझाइन करताना मराठी अक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करावं?

दोनच कारणं असतात. जुना, युनिकोड नसलेला फाँट वापरला, किंवा सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची मांडणी चालू केलेली नाही. फाँट म्हणून Mukta, Baloo 2 किंवा Noto Sans Devanagari घ्या, तिन्ही मोफत आहेत. फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून World-Ready नावाची मांडणी निवडा. त्याशिवाय ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरं पसरवून लिहिण्याची पद्धत आहे, ती देवनागरीला चालत नाही. ओळींमधलं अंतर मात्र अक्षराच्या उंचीच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. १०८० रुंदीच्या चित्रावर सगळ्यांत बारीक मजकूर ४४ पिक्सेलपेक्षा लहान नसावा.

आकड्यांकडे खास लक्ष द्या. लहान आकारात १ आणि ९ सारखे दिसतात, आणि ₹१९० चं ₹११० वाचलं गेलं की भांडण ठरलेलं. भाव मोठ्या, जाड अक्षरांत लिहा. फोन नंबर तेवढा इंग्रजी अंकांत ठेवा, लोक तो बघून टाइप करतात. शेवटी कोणतंही चित्र टाकण्याआधी ते स्वतःला पाठवा आणि घरातल्या साठीच्या पुढच्या माणसाला चष्म्याने वाचायला सांगा.

८. वेळा कशा लिहाव्यात? ‘सकाळी ११ ते रात्री ११’ एवढं पुरे ना?

दुपारी स्वयंपाकघर बंद ठेवत असाल तर ते पुरे नाही, उलट चुकीचं आहे. साडेचारला कुणी शटरपर्यंत आलं आणि आत फरशी पुसली जात असेल, तर तो माणूस गेला. आमच्या उदाहरणात सहाव्या स्लाइडवर हे येतं:

दुपारी १२ ते ३ (शेवटची ऑर्डर २:४५)
रात्री ७:३० ते १०:३० (शेवटची ऑर्डर १०:१५)
सोमवारी बंद

शेवटच्या ऑर्डरची वेळ लिहिणं गरजेचं आहे. १०:२५ ला आलेल्या सहा जणांना परत पाठवणं अवघड जातं, आणि बसवलं तर कामगार साडेअकरापर्यंत अडकतात. ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘रात्री’ हे शब्द लिहाच. नुसतं ‘१२ ते ३’ वाचून लोक फोन करतात. ‘मासे संपेपर्यंत’ हीही वेळच आहे. दुपारी दोनलाच बांगडा संपत असेल तर ‘थाळ्या संपेपर्यंत’ ही ओळ वेळेच्या खाली जोडा.

मांसाहारी खाणावळीच्या सुट्टीचा वार विचार करून ठरवा. आपल्याकडे सोमवार, गुरुवार आणि शनिवार बरीच घरं मासे-मटण खात नाहीत, मंगळवारही काही घरांत वर्ज्य असतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खरे धंद्याचे दिवस. त्यामुळे सोमवारची सुट्टी जवळजवळ फुकट पडते, तर बुधवारची फार महाग. संकष्टी, एकादशी, श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. त्या दिवशी उघडं ठेवून शाकाहारी ताट पुढे करणार की बंद ठेवणार, हे ठरलं की तसं लिहा.

याच वेळा गुगलच्या नकाशावरच्या नोंदीतही टाका. तिथे उद्घाटनाची पुढची तारीख देता येते. नोंद पडताळायला काही दिवस लागू शकतात, म्हणून कॅरोसेलच्या आधी दोन-तीन आठवडे हे काम सुरू करा. पोस्टवर एक वेळ आणि नकाशावर दुसरी असेल, तर लोक नकाशाचं ऐकतात.

९. पहिल्या आठवड्यात सवलत किती द्यावी? बाकीचे ५० टक्के देतात.

टक्क्यांची सवलत देऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ताटासोबत एक छोटा पदार्थ द्या. आमच्या उदाहरणात: ‘१२ ते १८ नोव्हेंबर, प्रत्येक थाळीसोबत सोलकढी आमच्याकडून.’

हिशोब बघा. एका मध्यम नारळाचं दोनदा पिळलेलं दूध आणि आमसुलाचं पाणी मिळून साधारण ६०० मिली सोलकढी होते, म्हणजे १०० मिलीचे सहा छोटे ग्लास. नारळ, आमसुलं, लसूण, मिरची, कोथिंबीर मिळून ₹६० धरले तर ग्लासला ₹१० पडतात. दिवसाला ७० थाळ्या गेल्या तर ₹७००. सोमवार वगळून सहा दिवसांचे ₹४,२००. याउलट सरासरी ₹२५० च्या थाळीवर २० टक्के सूट म्हणजे थाळीमागे ₹५०, दिवसाला ₹३,५०० आणि सहा दिवसांत ₹२१,०००. ग्राहकाच्या दृष्टीने मेनूकार्डावर ₹४० ला असलेली वस्तू त्याला मिळालेली असते, तुम्हाला ती ₹१० ला पडते.

पैशांपलीकडे दोन कारणं आहेत. ₹२८० चे कोंबडी-वडे पहिल्याच आठवड्यात ₹१४० ला खाल्ले, तर खाणाऱ्याच्या मनात त्यांची किंमत ₹१४० बसते आणि पुढच्या बुधवारी तेच ताट त्याला महाग वाटतं. सोलकढी दिल्याने थाळीचा भाव जागेवरून हलत नाही. दुसरं, निम्म्या किमतीला जी गर्दी येते ती तुमच्या कढईच्या वेगापेक्षा (प्रश्न ४) जास्त असते. नवे आचारी, नवा वाढपी, कुठली वाटी कुठे ठेवली हे अजून सापडत नाही, आणि बाहेर चाळीस माणसं उभी. त्या दिवशी मिळालेले एक-दोन तारे वर्षभर नकाशावर दिसत राहतात.

सोलकढीच का, तर ती मालवणी जेवणाची ओळख आहे, तिला गॅस लागत नाही, आणि ती जेवणाच्या शेवटी येत असल्याने शेवटची चव तुमची राहते. जपायचं एवढंच की नारळाचं दूध उकाड्यात लवकर आंबतं. रात्रीची सोलकढी दुपारीच करून ठेवू नका. ३५ ग्लासांना सहा नारळ, दोन्ही वेळा वेगळे, आणि केल्यावर लगेच फ्रीजमध्ये.

१०. सवलतीच्या अटी किती लिहाव्यात? मधेच सोलकढी संपली तर?

अटी चित्रावरच, सवलतीच्या खाली, वाचता येतील अशा अक्षरांत. चार गोष्टी पुरतात: तारखा, कशासोबत, इथे बसून की पार्सललाही, आणि माणशी किती. ‘१२ ते १८ नोव्हेंबर. सोमवारी, १७ तारखेला बंद. प्रत्येक थाळीसोबत एक ग्लास. फक्त इथे बसून जेवणाऱ्यांना.’ ‘आठवडाभर’ असा मोघम शब्द वापरला की सोमवारी येणारा माणूस बंद शटर बघून चिडतो.

‘अटी लागू’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वस्तू देता येण्याची रास्त शक्यता नसताना तिचं आमिष दाखवू नये, साठा मर्यादित असेल तर तसं सांगावं, आणि बारीक अक्षरांतल्या खुलाशाने मुख्य दावा फिरवू नये, हा त्यांचा आशय आहे. छोटी खाणावळ म्हणून यातून सुटका नाही.

सोलकढी संपली तर तोंडी माफी पुरत नाही. बदली वस्तू आधीच ठरवा. ताक चांगलं, कारण ते दहा मिनिटांत वाढवता येतं. वाढप्याला सांगून ठेवा की ताट ठेवतानाच ‘सोलकढी संपली आहे, ताक चालेल का?’ असं विचारायचं. ग्राहकाने आठवण करून द्यायची वेळ आणू नका. सवलतीच्या आठवड्यात येऊन सोलकढी न मिळालेल्या कुणी ‘आम्हाला का नाही?’ म्हटलं, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत द्या. तो वाद ₹१० च्या लायकीचा नाही.

११. पोस्ट कधी टाकावी, आणि कॅप्शनमध्ये काय लिहावं?

बुधवारच्या उद्घाटनासाठी रविवारी संध्याकाळी. फार आधी टाकली तर लोक विसरतात, आणि आदल्या रात्री टाकली तर घरात कुणाला विचारायला वेळ उरत नाही. बुधवार यासाठी की मासे खाणाऱ्यांचा वार आहे, पण रविवारची झुंबड नाही. रविवार येईपर्यंत तुमच्या स्वयंपाकघराला चार दिवसांचा सराव मिळतो.

कॅप्शनची पहिली साधारण सव्वाशे अक्षरंच न उघडता दिसतात, तेव्हा ‘नमस्कार मंडळी, आम्हाला सांगताना अतिशय आनंद होतो की’ यात ती खर्च करू नका. पहिलीच ओळ अशी: ‘मालवणी जेवण, कोथरूड. बुधवार १२ नोव्हेंबरपासून. दुपारी १२ ते ३, रात्री ७:३० ते १०:३०. सोमवारी बंद.’ त्याखाली तीन ताटं भावांसह, मग सवलत, मग पत्ता. चित्रावरचा मजकूर शोधताना सापडेलच असं नाही आणि अंध वाचकाला तो ऐकू येत नाही, त्यामुळे महत्त्वाचं सगळं कॅप्शनमध्ये पुन्हा लिहा. ठिकाणाची खूण जोडायला विसरू नका.

कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. टेबल राखायचं असेल तर व्हॉट्सअॅपची लिंक बायोमध्ये द्या, X च्या जागी तुमचा नंबर:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

१२. हीच चित्रं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पाठवली तर चालतील का?

चालतील, आणि छोट्या खाणावळीला पहिल्या दिवशीची बरीच माणसं सोसायटीच्या ग्रुपमधूनच येतात. पण तिथे सातच्या सात चित्रं पुढे जात नाहीत. कुणीतरी फक्त सवलतीचं किंवा फक्त वड्यांचं चित्र उचलून पाठवतं. त्यावर नाव आणि ठिकाण नसेल तर ‘हे कुठे आहे?’ विचारण्यात ते हरवतं. प्रश्न २ मध्ये प्रत्येक स्लाइडच्या तळाशी नाव ठेवायला सांगितलं ते यासाठी. सवलतीच्या स्लाइडवर तारखा नसतील तर तेच चित्र जानेवारीत कुणीतरी तुमच्या काउंटरवर दाखवेल.

ग्रुपसाठी सात नको, तीन पाठवा: पहिली, सवलतीची आणि पत्त्याची. पाठवताना एचडी निवडा, नाहीतर बारीक अक्षरं धुरकट होतात.

१३. पोस्ट टाकल्यावर भावात चूक सापडली. काढून पुन्हा टाकावी का?

कॅप्शन, ठिकाण आणि टॅग नंतर बदलता येतात. कॅरोसेलमधलं एखादं चित्र काढूनही टाकता येतं, पण त्या जागी सुधारलेलं नवं चित्र घालता येत नाही. म्हणून चूक शाकाहारी थाळीच्या स्लाइडवर असेल तर ती स्लाइड काढा आणि बरोबर भाव कॅप्शनमध्ये लिहा. चूक तारखेत, वेळेत किंवा सवलतीत असेल तर पूर्ण पोस्ट काढून नवी टाका, पहिल्या तासात असेल तर बिनधास्त.

पोस्ट बरीच फिरल्यावर कळलं आणि भाव खऱ्या भावापेक्षा कमी लिहिला गेला असेल, तर ती पोस्ट दाखवणाऱ्याला त्याच भावात जेवू घाला.

१४. लायसन्स अजून हातात नाही, पण तारीख जाहीर करायची आहे. कॅरोसेल टाकू का?

नको. अन्न परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक हातात येईपर्यंत तारीख लिहू नका. त्याआधी टाकायचंच असेल तर तारखेशिवाय, सवलतीशिवाय, फक्त एका पदार्थाचा फोटो आणि ‘कोथरूडमध्ये लवकरच’. क्रमांक आल्यावर तो शेवटच्या स्लाइडवर बारीक छापा. बिलावर तो २०२२ पासून सक्तीचाच आहे, तेव्हा बिलाच्या यंत्रातही त्याच दिवशी भरून घ्या.

तारीख जाहीर करून पुढे ढकलावी लागली, तर जुनी पोस्ट तशीच ठेवून नवी टाकू नका. दोन तारखा फिरत राहतात आणि लोक जुनीच लक्षात ठेवतात. जुनी काढा, नवी टाका, आणि बंद शटरवर जुन्या तारखेच्या दिवशी मोठ्या अक्षरांत नवी तारीख चिकटवा.

१५. आठवडा संपला. आता या पोस्टचं काय करायचं?

१८ तारखेच्या रात्री दुकान बंद झाल्यावर पाचवी, म्हणजे सवलतीची स्लाइड काढून टाका आणि कॅप्शनमधली सवलतीची ओळ पुसा. उरलेल्या सहा स्लाइड पदार्थ, वेळा आणि पत्ता सांगतात, त्या जुन्या होत नाहीत. ही पोस्ट प्रोफाइलवर वरती पिन करून ठेवा, तीन पोस्टपर्यंत तशी सोय आहे. मात्र पहिल्या चित्रावरची ‘१२ नोव्हेंबरपासून’ ही ओळ महिन्याभराने शिळी दिसायला लागते. तेव्हा तारीख नसलेलं पहिलं चित्र घेऊन नवी कॅरोसेल टाका, पिन तिच्यावर हलवा, आणि वेळा किंवा भाव बदलतील त्या दिवशी तीही बदला.